दोनशेचे दोनशे दोन झाले, तरी घटले

यूट्यूबवरच्या बऱ्याच मराठी चॅनेलांच्या व्हिडिओखाली हल्ली 'सबस्क्राइब'च्या शेजारी 'जॉईन' असे आणखी एक बटण दिसते. सबस्क्राइब फुकट असते. जॉईन म्हणजे दरमहा ठरलेले पैसे भरून त्या चॅनेलचे सदस्य होणे, आणि त्या बदल्यात नावापुढे बिल्ला, खास व्हिडिओ, सदस्यांपुरत्या थेट गप्पा असे काहीबाही मिळवणे. २०१८ मध्ये यूट्यूबने ही सोय सर्वसाधारण चॅनेलांना खुली केली, तेव्हा त्यासाठी एक लाख सबस्क्रायबर लागत. २०२३ पासून पाचशे सबस्क्रायबर आणि काही बाकीच्या अटी पुऱ्या केल्या तरी चालते. त्यामुळे पेटी शिकवणारे, किल्ल्यांवर हिंडणारे, पाककृती दाखवणारे असे पुष्कळ छोटे लोक अचानक वर्गणीदार सांभाळणारे झाले. वर्गणीदार आले म्हणजे त्यांचा हिशेबही आला.

हा हिशेब यूट्यूब स्टुडिओत, कमाईच्या विभागातल्या मेंबरशिपच्या पानावर आणि ॲनालिटिक्समध्ये तयार मिळतो. सध्या सदस्य किती, नवे किती आले, किती जणांनी सदस्यत्व रद्द केले, कोण कोणत्या लेव्हलवर आहे, हे सगळे तिथे असते. आकडे खोटे नसतात. पण हे तीन-चार आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि ते एकमेकांतून वजा करायला गेले की गोंधळ सुरू होतो. तो कसा होतो हे एका कल्पित चॅनेलवर पाहू.

समजा, एक बाई यूट्यूबवर नाट्यसंगीत शिकवतात. त्यांनी तीन लेव्हल ठेवल्या आहेत: महिना ५९ रुपयांची 'श्रोता', १५९ रुपयांची 'साधक' आणि ३९९ रुपयांची 'बैठक'. १ सप्टेंबरला त्यांचे २०० सदस्य होते. महिनाभरात २६ नवे आले आणि १८ जणांनी रद्द केले, असे पडद्यावर दिसले. बाईंनी मनात बेरीज-वजाबाकी केली: दोनशे अधिक सव्वीस वजा अठरा, म्हणजे २०८. प्रत्यक्षात महिनाअखेरीस पडद्यावर २०२ दिसले. सहा माणसे कुठे गेली?

कुठेच गेली नाहीत. 'रद्द केले' आणि 'सदस्यत्व संपले' या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्या तारखाही वेगळ्या असतात, एवढेच.

वाचनालयाची महिन्याची वर्गणी आगाऊ भरली आणि दहा तारखेला सांगितले की पुढच्या महिन्यापासून नको, तर महिना संपेपर्यंत पुस्तके नेता येतातच. यूट्यूबवरही तसेच आहे. ज्याचे पैसे दर महिन्याच्या २० तारखेला कापले जातात, त्याने २५ सप्टेंबरला रद्दचे बटण दाबले, तर २० ऑक्टोबरपर्यंत तो सदस्यच असतो. त्याचा बिल्ला तसाच दिसतो, खास व्हिडिओ उघडतात. रद्द केल्याची नोंद सप्टेंबरात पडते आणि माणूस एकूण संख्येतून ऑक्टोबरात उतरतो. यूट्यूबवर प्रत्येकाचा महिना तो ज्या तारखेला जोडला गेला त्या तारखेपासून मोजला जातो, त्यामुळे असे अर्धवट बाहेर पडलेले लोक कोणत्याही दिवशी यादीत असतातच.

बाईंच्या १८ रद्दपैकी ११ जणांची मुदत सप्टेंबरातच संपली. ७ जण बटण दाबूनही अजून आतच आहेत. उलट ४ जणांनी ऑगस्टमध्ये रद्द केले होते, ते सप्टेंबरात बाहेर पडले. त्यांची 'रद्द' ही नोंद सप्टेंबरच्या आकड्यात नाही, पण संख्या मात्र त्यांच्यामुळे सप्टेंबरात कमी झाली.

आणखी दोन वाटांनी माणसे बाहेर पडतात, आणि त्यांत कोणी बटण दाबलेलेच नसते. पहिली वाट पैसे न कापले जाण्याची. कार्डाची मुदत संपली, खात्यात शिल्लक नव्हती, बँकेने व्यवहार नाकारला, तर सदस्यत्व पुढे चालत नाही. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे असतील तर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम पाळावे लागतात. सुरुवातीला ग्राहकाने ओटीपीसारखी जास्तीची खातरजमा करून परवानगी द्यायची, आणि नंतर दर कपातीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जायला हवी. १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दरवेळी ओटीपी लागत नाही, म्हणजे ५९ रुपयांच्या सदस्यत्वाला तो प्रश्न नाही. पण सूचना दर महिन्याला जाते, आणि ज्याने महिनाभर चॅनेल उघडलेले नाही त्याला नेमकी त्याच दिवशी आठवण होते की हे पैसे अजून जात आहेत. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. चॅनेलवाल्याने एवढेच लक्षात ठेवावे की प्रत्येक गळती म्हणजे रुसवा नव्हे. बाईंचे असे ३ जण सप्टेंबरात पैसे न कापले गेल्यामुळे सुटले.

दुसरी वाट भेटीची. थेट प्रक्षेपण चालू असताना एखादा हौशी चाहता पाच-दहा जणांसाठी एक महिन्याचे सदस्यत्व विकत घेतो आणि यूट्यूब ते प्रेक्षकांपैकी काहींना वाटून टाकते. हे सदस्यत्व महिनाभर चालते आणि आपोआप संपते, पुढे त्याचे नूतनीकरण होत नाही. भेट मिळालेला माणूस त्या महिन्यापुरता खराखुरा सदस्य असतो, त्यामुळे तो 'नवा' म्हणून मोजला जातो. ऑगस्टच्या एका थेट कार्यक्रमात बाईंना अशा ६ भेटी मिळाल्या होत्या. त्या सप्टेंबरात संपल्या. सप्टेंबरच्या २६ नव्यांतही १० जण भेटीचे आहेत, ते ऑक्टोबरात संपतील. भेटी ओळखण्याची खूण आलेखातच असते. थेट कार्यक्रमाच्या दिवशी रेषा एकदम उभी चढते आणि बरोबर महिन्याने त्याच उंचीइतकी खाली येते. ही घसरण पाहून आपल्या शेवटच्या व्हिडिओला दोष देणारे लोक मी पाहिले आहेत. त्या व्हिडिओचा त्यात काही हात नसतो.

आता वजाबाकी पुन्हा करू. सप्टेंबरात प्रत्यक्ष बाहेर पडले ११, ४, ३ आणि ६, म्हणजे २४. दोनशे अधिक सव्वीस वजा चोवीस, २०२. हिशेब जुळला.

हा ताळा कोणालाही आपल्या चॅनेलवर करून पाहता येतो, आणि तो दर महिन्याला करावा असे मी सुचवीन. सुरुवातीची संख्या, त्यात नवे मिळवा, 'रद्द' वजा करा आणि अखेरच्या संख्येशी ताडून पाहा. जो फरक उरतो तो चुकीचा नसतो. फरक अधिक दिशेने असेल, म्हणजे प्रत्यक्ष संख्या आपल्या उत्तरापेक्षा जास्त असेल, तर रद्द करून अजून आत बसलेले लोक बरेच आहेत. उणे असेल, तर मागच्या महिन्याचे रद्द, न कापलेले पैसे किंवा संपलेल्या भेटी यांचा हात आहे. बाईंचा फरक उणे सहा आहे.

पण या चॅनेलची खरी गोष्ट अजून पुढेच आहे. २०२ पैकी ऑक्टोबरातही पैसे भरतील असे धरून चालता येईल, असे किती? ७ जणांनी आधीच रद्द केले आहे आणि १० जण भेटीचे आहेत. उरले १८५. याच पद्धतीने १ सप्टेंबरचे २०० तपासले, तर त्यात ऑगस्टमध्ये रद्द केलेले ४ आणि भेटीचे ६ होते. म्हणजे तेव्हा पक्के सदस्य १९० होते. पडद्यावर २०० चे २०२ झाले आणि त्याच महिन्यात पक्के १९० चे १८५ झाले. एकूण सदस्यांचा मोठा आकडा पानावर सगळ्यात ठळक असतो आणि निर्णय घ्यायला सगळ्यात कमी उपयोगी, असे माझे मत आहे. पुढच्या महिन्यात आपोआप पैसे भरणारे किती, हा आकडा हवा. तो पानावर आयता सापडला नाही, तर एकूण संख्येतून रद्द केलेले आणि भेटीचे वजा करून काढावा लागतो.

'नवे' या शब्दालाही एक अट आहे. जो मार्चमध्ये सोडून गेला आणि सप्टेंबरात परत आला, तो सप्टेंबरच्या आकड्यात नवा म्हणूनच येतो. बाईंच्या २६ मध्ये असे ३ जण आहेत. ते ओळखायचे कसे? सदस्यांची जी नावनिशीवार यादी मिळते, तिच्यात एकूण किती महिने सदस्य आहे, असा रकाना असतो. 'नवा' माणूस जोडला जाऊन दहा दिवस झाले आणि त्या रकान्यात चार-पाच महिने दिसत असतील, तर तो जुनाच आहे, परत आलेला आहे. अशा माणसाला स्वागताचा साचेबंद निरोप पाठवण्यापेक्षा 'परत आलात, बरे वाटले' म्हटलेले शोभते.

यापुढचा भाग लेव्हल बदलण्याचा. तक्ता वाचणारे सर्वांत जास्त इथेच फसतात.

५९ वरून १५९ वर चढणारा सदस्य लगेच वरच्या लेव्हलवर जातो. पैसेही लगेच कापले जातात, पण पूर्ण १५९ नव्हे. दोन किमतींतला फरक घ्यायचा आणि चालू महिन्याचे जितके दिवस उरले आहेत तितक्यापुरता कापायचा, अशी पद्धत आहे. फरक १०० रुपये आणि ३० पैकी १५ दिवस उरले असतील, तर ५० रुपये. पुढच्या ठरलेल्या तारखेपासून पूर्ण १५९. महिना मोजण्याची तारीख बदलत नाही. म्हणून चढणाऱ्यांचा महिना असला की 'सदस्य गुणिले किंमत' हे गणित कमाईच्या आकड्याशी कधीच जुळत नाही, आणि ते जुळत नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. शिवाय त्या कमाईतून कर आणि आयफोनवरून झालेल्या व्यवहारांत ॲपलचे शुल्क वजा जाऊन उरलेल्याच्या ७० टक्के चॅनेलला मिळतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

उतरणाऱ्याचे उलट आहे. १५९ वरून ५९ वर यायचे त्याने आज ठरवले, तरी चालू महिन्याचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून मुदत संपेपर्यंत तो वरच्याच लेव्हलवर राहतो. उतरण्याची नोंद यादीत पुढच्या कपातीच्या तारखेला दिसते. म्हणजे चढलेले आजच्या आज दिसतात आणि उतरणारे काही आठवडे उशिराने. कोणत्याही दिवशी यादी पाहिली तर ती वरच्या लेव्हलच्या बाजूने थोडी झुकलेलीच असते. नव्या लेव्हलची जाहिरात केल्यावर पहिल्या पंधरवड्यात जो उत्साह दिसतो, त्यातला काही भाग या उशिराचा असतो.

आता बाईंचा सप्टेंबर लेव्हलवार पाहू. ९ जण श्रोता वरून साधक वर चढले आणि एक जण साधक वरून बैठक वर. ५ जणांनी साधक वरून श्रोता वर उतरायचे ठरवले. त्यातले ३ सप्टेंबरात उतरले, २ ऑक्टोबरात उतरतील. ही तेरा माणसे चॅनेलच्या दृष्टीने ना नवी आहेत ना गेलेली. ती आधीही सदस्य होती, आताही आहेत. पण लेव्हलच्या दृष्टीने तसे नाही. चढणारा श्रोता तून बाहेर पडतो आणि साधक मध्ये नव्याने येतो. प्रत्येक लेव्हलमध्ये किती आले, हे वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज केली, तर बाईंच्या चॅनेलवर ३९ 'नवे' निघतात. खरे नवे २६. गेलेल्यांचे तसेच, ३७ निघतात, खरे २४. दोन्हीकडे जास्तीचे तेराच. निव्वळ वाढ मात्र दोन्ही हिशेबांनी २ येते, आणि म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. शेवटचा आकडा बरोबर असतो. पण 'आपल्याकडे महिन्याला ३७ लोक सोडून जातात' असे समजून एखादा माणूस धास्ती घेतो, किंवा 'महिन्याला ३९ नवे येतात' म्हणून फुशारकी मारतो. लेव्हलवार आवक-जावक बघायची असेल तर बघावी, पण तिची उभी बेरीज करू नये.

याच्याच शेजारी दुसरा खड्डा आहे. यूट्यूबवर वरच्या लेव्हलला खालच्या सगळ्या लेव्हलचे फायदे आपोआप मिळतात. बैठक च्या १३ सदस्यांना साधक आणि श्रोता चे व्हिडिओही उघडतात. म्हणून 'श्रोता चे व्हिडिओ कोणाला दिसतात' असे विचारले तर उत्तर २०२ येते, साधक चे ६५ आणि बैठक चे १३. बेरीज २८०. माणसे आहेत २०२. कोण कोणत्या लेव्हलवर आहे हे मोजताना प्रत्येकाची फक्त सर्वांत वरची लेव्हल धरायची. तशी धरली की सप्टेंबरअखेर श्रोता १३७, साधक ५२ आणि बैठक १३ असे सरळ उत्तर मिळते. ज्यांच्यासाठी एखादा प्रोग्रामर यूट्यूबच्या एपीआयमधून ही माहिती काढतो, त्यांनी त्याला एवढेच सांगावे की `accessibleLevels` नव्हे, `highestAccessibleLevel` मोज. ती सोय मात्र सरसकट मिळत नाही, यूट्यूबकडे मागावी लागते. बहुतेकांचे काम यादीवरच भागते.

या लेव्हलवार हिशेबातून एक दिलाशाची गोष्टही निघते. पक्के सदस्य १९० चे १८५ झाले हे आपण पाहिले. पण त्या पक्क्या सदस्यांची महिन्याची ठरलेली रक्कम, कर-शुल्क वजा जाण्यापूर्वीची, २०,०९० रुपयांवरून २०,२३५ रुपयांवर गेली आहे. माणसे पाच कमी, पैसे थोडे जास्त, कारण चढणारे उतरणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. यात ऑक्टोबरात उतरणारे २ जण आधीच खालच्या किमतीने धरले आहेत. म्हणजे बाईंना काळजी करायची ती जुन्या सदस्यांची नव्हे, नव्या ५९ वाल्यांची. आत आलेली माणसे टिकत आणि चढत आहेत. दारातून आत येणारी पुरेशी नाहीत. एकूण आकड्याकडे पाहून बाईंना वाटले असते की सगळे ठीक चालले आहे, आणि रद्दच्या आकड्याकडे पाहून वाटले असते की जुने लोक पळत आहेत.

एवढे सगळे सांगता येते ते माणसागणिक माहिती हाताशी असेल तरच. इथे यादीची मोठी मर्यादा आड येते. स्टुडिओतून सदस्यांची यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवता येते. तिच्यात नाव, प्रोफाइलची लिंक, सध्याची लेव्हल, या लेव्हलवरचा काळ, एकूण सदस्यत्वाचा काळ, शेवटचा बदल कोणता आणि तो कधी, असे रकाने असतात. शेवटचा बदल, लक्षात घ्या. फक्त शेवटचा.

समजा, एक सदस्य जानेवारीत श्रोता म्हणून आला, एप्रिलमध्ये साधक झाला, जूनमध्ये परत उतरला आणि सप्टेंबरात पुन्हा चढला. ऑक्टोबरात यादी उघडली तर त्याच्या ओळीत लेव्हल साधक, शेवटचा बदल वर चढल्याचा, तारीख सप्टेंबरची. एप्रिल आणि जूनच्या हालचालींचा मागमूस नाही. एकूण काळ नऊ-दहा महिने आणि लेव्हलवरचा काळ त्याहून बराच कमी, यावरून मध्ये काहीतरी झाले एवढे कळते, काय झाले ते कळत नाही. परीक्षेच्या काळात उतरणारा आणि सुट्टीत चढणारा विद्यार्थी असेल, तर नेमकी तीच गोष्ट पुसली जाते. आणि जो मुदत संपून बाहेर पडला, त्याची तर ओळच सध्याच्या सदस्यांच्या यादीतून निघून जाते. यादी म्हणजे आजची स्थिती. मागचा इतिहास ज्याचा त्याने सांभाळायचा.

तो सांभाळणे अवघड नाही. दर महिन्याला एकदा फाइल उतरवायची आणि तिला तारखेचे नाव द्यायचे. पुढच्या महिन्यात दोन फाइली एका स्प्रेडशीटमध्ये शेजारी ठेवायच्या आणि जुळवायच्या. जुळवताना नावावर विसंबायचे नाही, कारण लोक यूट्यूबवरचे नाव हवे तेव्हा बदलतात आणि 'संगीतप्रेमी' नावाचे चार जण असू शकतात. प्रोफाइलची लिंक मात्र प्रत्येकाची वेगळी असते. लिंक ब रकान्यात आणि लेव्हल क रकान्यात असेल, म्हणजे स्प्रेडशीटच्या भाषेत B आणि C, तर नव्या पानावर प्रत्येक ओळीपुढे हे सूत्र टाकले की झाले:

```
=IFERROR(VLOOKUP(B2,'2025-09-01'!B:C,2,FALSE),"नवा")
```

सूत्र मागच्या महिन्याच्या पानात ती लिंक शोधते. सापडली तर त्या वेळची लेव्हल दाखवते, नाही तर 'नवा' म्हणते. जुनी आणि आताची लेव्हल सारखी असेल तर माणूस जागेवर आहे. वेगळी असेल तर चढला किंवा उतरला आहे. हेच सूत्र उलटे, जुन्या पानावरून नव्या पानात शोधणारे, लावले की जे सापडत नाहीत ते बाहेर पडलेले. त्यातला परत आलेला नवा कोण, ते एकूण काळाच्या रकान्यावरून वेगळे काढता येते. महिन्याच्या आतच येऊन गेलेला किंवा चढून उतरलेला माणूस मात्र या जाळ्यातून निसटतो. ज्याला तेही हवे त्याने आठवड्याला फाइल उतरवावी, पण छोट्या चॅनेलला एवढी गरज पडत नाही. आणि या फाइलींत माणसांची नावे असतात. त्या कोणाला पाठवायच्या नाहीत, मदतनिसाच्या मोबाइलवर पडू द्यायच्या नाहीत.

तारखेविषयी एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे महिन्याच्या कडेचे आकडे नेहमी इकडेतिकडे होतात. यूट्यूब ॲनालिटिक्सचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने बदलतो. सप्टेंबरात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, तिथला हिवाळी वेळ सुरू झाला की साडेतेरा तास. म्हणजे १ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता पुण्यातल्या कोणी जॉईन दाबले, तर ॲनालिटिक्समध्ये ती नोंद ३० सप्टेंबरची. मराठी चॅनेलवर सकाळी गर्दी असते, त्यामुळे हे दोन-चार जण दर महिन्याला हमखास निघतात. बाईंच्या वहीत २४ नवे आणि पडद्यावर २६ असे झाले, तर आधी पहिल्या तारखेची सकाळ तपासावी. शिवाय ताजे आकडे यायला एक-दोन दिवस लागतात आणि महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेच्या दरम्यान पक्की होते. तोवर दिसते ती अंदाजे रक्कम असते.

तेव्हा चॅनेल चालवत असाल तर येत्या १ तारखेला दुपारी दोननंतर स्टुडिओ उघडा, सदस्यांची यादी उतरवा, तारखेच्या नावाने ठेवा, आणि शेजारी दोन आकडे हाताने लिहा: रद्द करूनही अजून आत असलेले किती, आणि भेटीचे किती. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला दुसरी फाइल मिळाली की तुमचा पहिला खरा तक्ता तयार होईल.